बॅगिंग आणि बूस्टिंग: दहा गुणांचं उत्तर कसं मांडायचं

मॅडम, मशीन लर्निंगच्या पेपरात ‘बॅगिंग आणि बूस्टिंग यांची तुलना करा’ हा प्रश्न होता. दोन्हींची माहिती मला पाठ आहे. तीन पानं लिहिली तरी दहापैकी सहाच मिळाले. गुण कुठे गेले?

बहुधा दीड पान बॅगिंगवर आणि दीड पान बूस्टिंगवर लिहिलं असेल, आणि दोघांची गाठ कुठेच घालून दिली नसेल. ‘तुलना करा’ म्हटल्यावर तपासणाऱ्याला फरक हवा असतो, आणि तो शोधायचं काम त्याच्यावर टाकलं की हात आखडतो.

शंभर गुणांचा पेपर तीन तासांचा असेल, तर या प्रश्नाच्या वाट्याला १८ मिनिटं येतात. तेवढ्यात दीड-दोन पानं नीट लिहून होतात. पहिल्या दोन ओळींतच सगळा फरक सांगून टाका. उदाहरणार्थ: ‘दोन्ही एन्सेम्बल पद्धती आहेत, म्हणजे अनेक मॉडेल्सचे निकाल एकत्र करतात. बॅगिंगमध्ये मॉडेल्स वेगवेगळ्या बूटस्ट्रॅप सॅम्पल्सवर एकमेकांपासून स्वतंत्रपणे शिकतात आणि बहुमताने किंवा सरासरीने निकाल देतात. बूस्टिंगमध्ये मॉडेल्स एकामागून एक शिकतात आणि प्रत्येक नवं मॉडेल आधीच्यांच्या चुकांवर भर देतं.’ एवढं वाचलं की पुढचं उत्तर कुठे चाललंय हे तपासणाऱ्याला कळतं.

त्यानंतर दोन्ही आकृत्या शेजारी-शेजारी काढा आणि प्रत्येकीखाली चार-पाच ओळींत कृती लिहा. मग तक्ता, आणि शेवटी कोणतं कधी वापरायचं ते दोन ओळींत. माझ्या हिशेबाने सुरुवातीला एक गुण, आकृती आणि कृतीला मिळून पाच, तक्त्याला तीन आणि शेवटच्या ओळींना एक. तुमच्या परीक्षेत वाटणी थोडी वेगळी असू शकते, पण निम्मं वजन आकृती आणि कृतीवर असतं असं धरून चाला.

आकृती कितपत सविस्तर हवी? मी दोन्हींसाठी एकच काढतो आणि नाव बदलतो.

नाव बदलून तीच आकृती काढणं म्हणजे ‘मला फरक माहीत नाही’ असं सही करून देणं. सगळा फरक बाणांच्या दिशेत आहे. बॅगिंगचे बाण डेटापासून फुटतात आणि शेवटी एकत्र येतात. मॉडेल १ कडून मॉडेल २ कडे एकही बाण जात नाही. बूस्टिंगमध्ये नेमका तोच बाण महत्त्वाचा.

```
बॅगिंग
डेटा → सॅम्पल १ → मॉडेल १ →|
डेटा → सॅम्पल २ → मॉडेल २ →|→ बहुमत → निकाल
डेटा → सॅम्पल ३ → मॉडेल ३ →|

बूस्टिंग
डेटा, समान वेट्स → मॉडेल १ → मत × α1 →|
      ↓ मॉडेल १ च्या चुकांवरून वेट्स बदला
डेटा, नवी वेट्स → मॉडेल २ → मत × α2 →|→ बेरीज → निकाल
      ↓ मॉडेल २ च्या चुकांवरून वेट्स बदला
डेटा, नवी वेट्स → मॉडेल ३ → मत × α3 →|
```

तीन मॉडेल्स पुरेत. चौकोन सुबक काढण्यात वेळ घालवू नका, पण बाणांवर शब्द लिहा. ‘वेट्स बदला’ हे शब्द नसतील तर खालची आकृती म्हणजे नुसती एक रांग दिसते.

बॅगिंगच्या आकृतीखाली सॅम्पल कसं निघतं ते दाखवायला एक ओळ खर्च करा. समजा डेटात सहा ओळी आहेत, १ ते ६. त्यातून सहा वेळा चिठ्ठी काढायची आणि प्रत्येक वेळी काढलेली चिठ्ठी परत टाकायची. निघालं २, २, ३, ५, ६, ६. म्हणजे २ आणि ६ दोनदा आल्या, १ आणि ४ आल्याच नाहीत. न आलेल्या ओळींना आउट-ऑफ-बॅग म्हणतात आणि त्यांच्यावर ते मॉडेल फुकटात तपासता येतं. डेटा मोठा असेल तर प्रत्येक सॅम्पलमध्ये साधारण ६३ टक्के वेगवेगळ्या ओळी येतात आणि ३७ टक्के बाहेर राहतात, कारण `(1 - 1/n)^n` ही किंमत `1/e`, म्हणजे ०.३६८ कडे जाते. ‘डेटाचे तीन समान तुकडे करतात’ असं वाक्य उत्तरपत्रिकांत हमखास सापडतं. ते बॅगिंग नव्हे.

बूस्टिंगमध्ये ‘वेट्स बदलतात’ एवढंच मी लिहिते. आकडे घालून दाखवावं का, की त्यात वेळ जाईल?

जरूर दाखवा. चार ओळींचं गणित आहे आणि पाठ केलेलं उत्तर व समजून लिहिलेलं उत्तर यांतला फरक तिथेच दिसतो. अ‍ॅडाबूस्टचं उदाहरण घ्या. त्याचं सूत्र लहान आहे.

डेटात दहा ओळी आहेत, म्हणून प्रत्येकीचं वेट ०.१. पहिल्या मॉडेलने तीन ओळी चुकवल्या. त्याची चूक ही चुकलेल्या ओळींच्या वेट्सची बेरीज, म्हणजे ε = ०.३. आता त्या मॉडेलच्या मताचं वजन काढा:

```
α = ½ ln((1 - ε)/ε) = ½ ln(0.7/0.3) ≈ 0.42
```

चुकलेल्या ओळींच्या वेटला `e^α` ने आणि बरोबर आलेल्यांच्या वेटला `e^(-α)` ने गुणायचं, मग सगळ्यांची बेरीज १ होईल असं सारखं करायचं. परीक्षेत हे कॅल्क्युलेटरवर करत बसू नका, जवळची वाट आहे. चुकलेल्या ओळीचं वेट `2ε` ने भागा: ०.१ ÷ ०.६ = ०.१६७. बरोबर आलेल्या ओळीचं `2(1 - ε)` ने भागा: ०.१ ÷ १.४ = ०.०७१. उत्तर तेच येतं.

ताळा सोपा आहे. तीन चुकलेल्यांची बेरीज ०.५ आणि सात बरोबर आलेल्यांची ०.५. दर फेरीत ही वाटणी बरोबर निम्मी-निम्मी यायलाच हवी. तशी नसेल तर भागाकारात गडबड झाली आहे.

आणि याच निम्म्या वाटणीत बूस्टिंगचं मर्म आहे, ते एका वाक्यात जरूर लिहा. नव्या वेट्सवर पहिल्या मॉडेलची चूक ०.५ होते, म्हणजे ते आता नाणेफेकीइतकंच कामाचं उरतं. त्यामुळे दुसऱ्या मॉडेलला पहिल्याचीच नक्कल करून काही मिळत नाही आणि त्याला वेगळं काही शिकावंच लागतं.

तुमच्या पुस्तकात α च्या सूत्रात ½ नसेल आणि फक्त चुकलेल्या ओळींचं वेट वाढवायला सांगितलं असेल, तर घाबरू नका. वेट्सची बेरीज १ केली की दोन्ही रीतींनी तेच आकडे येतात. मात्र एका उत्तरात दोन्ही रीती मिसळू नका.

जागा उरली तर एक ओळ ग्रेडियंट बूस्टिंगसाठी ठेवा: तिथे वेट्स बदलत नाहीत, पुढचं ट्री आधीच्या बेरजेत उरलेल्या चुकीवर, म्हणजे रेसिड्यूअलवर बसवतात. आकृतीतला खाली येणारा बाण तोच, फक्त त्यावरचे शब्द बदलतात.

‘बॅगिंगने व्हेरिअन्स कमी होतो, बूस्टिंगने बायस’ असं लिहिलं होतं. समासात ‘कारण?’ असा शेरा आला.

शेरा रास्त आहे. हे वाक्य सगळेच लिहितात, कारण फार थोडे देतात.

बॅगिंगमध्ये पूर्ण वाढलेलं खोल डिसिजन ट्री घेतात. असं ट्री डेटाला चिकटून बसतं, म्हणजे बायस कमी, पण डेटा जरा बदलला की ट्रीचा आकारच बदलतो, म्हणजे व्हेरिअन्स जास्त. अशा अनेक ट्रींची सरासरी घेतली की एकमेकांचे चढउतार खोडले जातात. बायस मात्र जवळपास तोच राहतो, कारण एकसारख्या रीतीने चुकणाऱ्यांची सरासरीही तशीच चुकते. प्रत्येक ट्रीचा व्हेरिअन्स σ², कोणत्याही दोन ट्रींमधला सहसंबंध ρ आणि ट्री B असतील, तर सरासरीचा व्हेरिअन्स असा:

```
ρσ² + (1 - ρ)σ²/B
```

σ² = १ आणि ρ = ०.५ धरा. दहा ट्रींना ०.५५ येतं, शंभर ट्रींना ०.५०५. नव्वद ट्री वाढवून हाती फारसं काही लागलं नाही, कारण पहिलं पद B वाढवून हलतच नाही. ट्री एकमेकांसारखे असतील तर बॅगिंगला इथे मर्यादा येते.

बूस्टिंगची सुरुवात उलट टोकापासून होते. तिथे सहसा उथळ ट्री, कधी एकाच प्रश्नाचा स्टम्प घेतात. एक स्टम्प एका सरळ रेषेने डेटा कापतो, त्यामुळे बायस मोठा. पण अनेक स्टम्प्सची α नुसार वजन दिलेली बेरीज वाकडीतिकडी सीमाही आखू शकते, म्हणून बायस उतरतो. ‘बूस्टिंगने व्हेरिअन्स कमी होतच नाही’ असं मात्र लिहू नका. अनेकदा तोही उतरतो. ‘मुख्यतः बायस’ हे शब्द सुरक्षित.

कुठे बिघडतं तेही इथेच सांगा. डेटात एखाद्या ओळीचं लेबलच चुकीचं असेल, तर बूस्टिंगमधली मॉडेल्स तिथे वारंवार ‘चुकतात’ आणि तिचं वेट फेरीगणिक फुगत जातं. पुढची मॉडेल्स मग त्या खोट्या लेबलच्या मागे धावतात. ट्रेनिंगची चूक घटत असताना व्हॅलिडेशनची चूक वाढू लागली की हे ओळखायचं आणि फेऱ्या तिथेच थांबवायच्या. बॅगिंगमध्ये ती ओळ काही सॅम्पल्समध्ये येतच नाही, आणि आली तरी मतमोजणीत दबून जाते.

रँडम फॉरेस्ट बॅगिंगमध्ये लिहायचं की वेगळं?

बॅगिंगचं उदाहरण म्हणूनच, एका भरीसह: प्रत्येक फाट्यावर सगळी फीचर्स न पाहता त्यांतली काहीच यादृच्छिकपणे निवडून पाहतात. त्यामुळे ट्री एकमेकांसारखे राहत नाहीत आणि वरच्या सूत्रातला ρ उतरतो. ρ ०.२ झाला तर शंभर ट्रींना ०.५०५ ऐवजी ०.२०८. बॅगिंग १९९६ मध्ये आणि रँडम फॉरेस्ट २००१ मध्ये, दोन्ही लिओ ब्रायमन यांनी मांडलं. अ‍ॅडाबूस्ट फ्रॉइंड आणि शापिरे यांचं. नावं आठवली तर लिहा, नाही आठवली तर त्यावर अडून बसू नका.

तक्त्यात किती मुद्दे? मैत्रीण म्हणते दहा गुणांना दहा.

सहा पुरेत: मॉडेल्स शिकण्याचा क्रम, डेटा कसा दिला जातो, मूळ मॉडेल कसं, मतांचं वजन, मुख्यतः काय कमी होतं, आणि चुकीच्या लेबल्सचा परिणाम. दहा करायला गेलात की ‘दोन्ही एन्सेम्बल पद्धती आहेत’ असली ओळ तक्त्यात शिरते. ते साम्य आहे, फरक नव्हे. त्याची जागा पहिल्या वाक्यात.

प्रत्येक ओळ दोन्ही बाजूंनी पुरी करा. डावीकडे ‘समांतर चालतं’ आणि उजवीकडे ‘अचूकता जास्त’ असं लिहिलं तर ती तुलना होत नाही, दोन सुटी वाक्यं होतात. डावीकडे ‘प्रत्येक मॉडेलचं मत सारखं’ असेल तर उजवीकडे ‘कमी चुकणाऱ्या मॉडेलचं मत जड, α नुसार’ असंच यायला हवं. आणि ‘बूस्टिंग नेहमी जास्त अचूक’ ही ओळ तर टाळाच. लेबल्समध्ये गोंधळ असलेल्या डेटावर ती खोटी ठरते, आणि तसं तुम्हीच शेवटच्या मुद्द्यात लिहिलेलं असतं.