कॉलेजांची रँकिंग करताना आधी झेड-स्कोअर का काढायचा?

प्रश्न: मी कॉलेजांची यादी करतोय. मध्यक पगार (रुपयांत) आणि दर शिक्षकामागे विद्यार्थी हे दोन आकडे सरळ एकत्र केले तर काय चुकतं?

पगाराचा आकडा लाखांत आणि विद्यार्थ्यांचा विशीत असल्यामुळे तुमची क्रमवारी जवळजवळ फक्त पगारावर ठरेल. झेड-स्कोअर प्रत्येक आकडा त्या निकषाच्या सरासरीपासून किती प्रमाण विचलन दूर आहे ते सांगतो:

z = (मूल्य − सरासरी) ÷ प्रमाण विचलन

समजा पगाराची सरासरी 6 लाख, विचलन 2 लाख. शिक्षकामागे विद्यार्थी सरासरी 20, विचलन 4.

- अ कॉलेज: 8 लाख, 26 विद्यार्थी. पगाराचा z +1, विद्यार्थ्यांचा +1.5.
- ब कॉलेज: 7 लाख, 16 विद्यार्थी. पगाराचा +0.5, विद्यार्थ्यांचा −1.

जास्त विद्यार्थी म्हणजे वाईट, म्हणून दुसऱ्या निकषाचं चिन्ह उलटवा. हे हमखास विसरलं जातं. मग समान भार दिल्यास अ ला −0.25 आणि ब ला +0.75 मिळतात. नुसती बेरीज केली असती तर अ पुढे गेलं असतं. टाइम्स हायर एज्युकेशनच्या जागतिक क्रमवारीतही बहुतेक निकषांना झेड-स्कोअरवर आधारित पद्धतच वापरतात.

मात्र एखाद्याच कॉलेजचा पगार 40 लाख असेल, तर विचलन फुगतं आणि बाकीची सगळी शून्याजवळ गोळा होतात, म्हणजे पगाराच्या निकषाला त्यांच्यात फरकच करता येत नाही. आधी हिस्टोग्राम बघा. उजवीकडे लांब शेपूट दिसली तर पगाराचा लॉग घेऊन मग झेड-स्कोअर काढा.