वार्षिक सभेची तारीख बदलायची आहे, सभासदांना नोटीस कशी द्यावी?

"आमच्या गृहनिर्माण सोसायटीची एजीएम अनंत चतुर्दशीलाच आलीय, कोल्हापुरात त्या दिवशी कोण येणार? सेक्रेटरी म्हणून नुसता व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला तर चालेल का?"

नाही, नवी नोटीसच काढा. आदर्श उपविधींप्रमाणे वार्षिक सभेला पूर्ण १४ दिवसांची नोटीस लागते. यात नोटीस दिल्याचा आणि सभेचा दिवस धरत नाहीत. १० सप्टेंबरला नोटीस वाटली तर ११ ते २४ हे १४ दिवस झाले, म्हणजे सभा लवकरात लवकर २५ तारखेला. वार्षिक सभा घेण्याची ३० सप्टेंबरची मुदत त्यामुळे जेमतेम गाठता येते, म्हणून चालढकल नको.

मजकूर असा चालेल: "दि. … रोजीची वार्षिक सर्वसाधारण सभा विसर्जन मिरवणुकीमुळे रद्द करण्यात आली असून ती आता दि. … रोजी सायं. ६ वाजता सोसायटीच्या पार्किंगमध्ये होईल." खाली सगळे विषय पुन्हा लिहा, 'विषय पूर्वीप्रमाणेच' लिहून भागवू नका.

फलकावर लावा आणि घरोघरी सही घेऊन द्या. आमच्याकडे एकदा सह्या घ्यायच्या राहिल्या, आणि देखभाल खर्च वाढवल्यावर "मला नोटीसच मिळाली नाही" म्हणत एक काका वर्षभर भांडले.