रीलच्या व्हॉइसओव्हरमध्येच वर्णन कसं बसवायचं? अळूवडीचं उदाहरण घेऊन

प्रश्न: मी एका मिनिटाच्या रेसिपी रील करते. एका दृष्टिहीन ताईंचा मेसेज आला, "आवाज छान आहे तुमचा, पण ऐकून करता काहीच येत नाही." आता अळूवडीची रील करायचीय. दिसतंय ते सगळं सांगायला गेले तर मिनिटात मावतच नाही. काय सांगू आणि काय सोडू?

उत्तर:

सगळं सांगायचंच नाहीये. ताईंना तुमच्या ओट्याचा रंग नकोय, त्यांना वडी करायचीय. त्यामुळे प्रत्येक स्टेपला दोनच गोष्टी आवाजातून गेल्या पाहिजेत, एक म्हणजे हात नेमकं काय करतायत आणि दुसरी म्हणजे ते झालं हे ओळखायचं कसं. बाकीचं वेळ उरला तर.

सिनेमात संवादांच्या मधल्या मोकळ्या जागेत दुसरा माणूस वर्णन सांगतो, ते ऑडिओ डिस्क्रिप्शन. रीलमध्ये ती मोकळी जागाच नसते कारण तुम्ही सलग बोलत असता, म्हणून इथे वर्णन तुमच्याच वाक्यात मुरवायचं. आणि हे कमअस्सल काम नाही हं, वेब ॲक्सेसिबिलिटीचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत (डब्ल्यूसीएजी) त्यातही म्हटलंय की चित्रातली सगळी माहिती मूळ आवाजातच येत असेल तर वेगळा वर्णनाचा ट्रॅक लागत नाही.

तुमची एखादी जुनी रील लावा, फोन पालथा ठेवा आणि नुसती ऐका. "असं", "इथे", "एवढं", "हे बघा" जिथे जिथे येईल तिथे कागदावर टिंब काढा. बहुतेक वेळा सगळी गळती तिथेच असते, कारण त्या शब्दाच्या जागी तुमचं बोट बोलत असतं आणि बोट ऐकू येत नाही.

आता अळूवडी. बहुतेक रीलमध्ये बोलणं असं असतं: "पान असं घ्यायचं, शिरा अशा काढून घ्यायच्या, मग हे पीठ असं लावायचं, त्यावर दुसरं पान, आणि छान असा रोल करायचा." पाच कृती आहेत आणि एकही करता येणार नाही. मी हेच असं लिहीन:

"सगळ्यात मोठं पान पालथं ठेवा, शिरांची बाजू वर, टोक तुमच्याकडे. जाड शिरा सुरीने तासा, वरून लाटणं फिरवा म्हणजे पान सपाट होईल. पीठ बोटांनी उचललं तर ओघळू नये इतकं घट्ट, त्याचा पातळ थर कडेपर्यंत लावा. दुसरं पानही पालथंच, पण टोक उलट बाजूला. अशी चार पानं. डावी-उजवी कड दोन-दोन बोटं आत दुमडा, दुमडीवर पीठ लावा आणि तुमच्याकडून पुढे घट्ट गुंडाळत न्या."

शांतपणे वाचलं तर हे अर्ध्या मिनिटाच्या आसपास जातं. मराठीत स्पष्ट बोलायचं तर मी मिनिटाला साधारण सव्वाशे शब्दांच्या वर जात नाही, कारण ऐकणाऱ्याला हातातलं काम मनात मांडायला क्षणभर लागतो. अर्धा मिनिट एकाच स्टेपला गेला म्हणून घाबरू नका, कारण अळूवडी अडते ती इथेच. चिंच, गूळ, तिखट, बेसन सगळ्यांना माहीत असतं, ते एका वाक्यात उरकतं (चिंच मात्र सांगाच, तिच्याशिवाय घसा खवखवतो). जागा कुठून काढायची? "नमस्कार मंडळी, आज आपण बघणार आहोत" इथून, आणि "मस्त", "भन्नाट", "तोंडाला पाणी सुटेल" इथून. यातच दहाएक सेकंद मोकळे होतात.

क्रमाकडे लक्ष द्या. वरच्या स्क्रिप्टमध्ये पान कसं ठेवलंय ते आधी आलंय आणि सुरी नंतर. "शिरा तासा, पान पालथं ठेवून" असं म्हटलं तर ऐकणाऱ्याला मनातलं पान मागे जाऊन उलटं करावं लागतं आणि तोवर तुम्ही पिठावर पोचलेल्या असता. आधी वस्तू कुठे आणि कशी, मग कृती. शिवाय वाक्य त्या शॉटवरच पडू द्या, कारण बऱ्याच लोकांना थोडं दिसतं, हात हलताना दिसतो पण तपशील दिसत नाही, आणि आवाज चित्राच्या मागे पडला तर त्यांचा जास्तच गोंधळ उडतो.

झालं हे ओळखायचं कसं, याला जास्त जपा. "सोनेरी होईपर्यंत तळा" हे एकट्याने पुरत नाही. रंग काढून टाकू नका, ज्यांची नजर नंतर गेलीय किंवा थोडी आहे त्यांना रंग कळतो, पण त्याच्या जोडीला कान किंवा हात द्या. उकडताना: "झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटं, सुरी टोचून बाहेर काढली की कोरडी लागली पाहिजे, पीठ चिकटता कामा नये." कापताना: "रोल पूर्ण गार, हाताला घट्ट लागला की बोटाच्या जाडीच्या वड्या." तळताना: "तेलात टाकल्यावर जोरात चरचर होते, ओलावा संपत आला की ती मंदावते, वडी तांबूस आणि झाऱ्यावर खडखडीत लागते, तेव्हा काढा." आणि या वाक्यानंतर दोन सेकंद गप्प बसा, खरा तळणीचा आवाज ऐकू द्या. तुमच्या कुठल्याही विशेषणापेक्षा तो जास्त सांगतो. शूट करताना म्हणूनच मूळ आवाज डिलीट करू नका, लोक सर्रास तो काढून वर गाणं चढवतात.

गाण्याचं म्हणाल तर बोलण्याखाली ते नसलंच तर उत्तम. हवंच असेल तर आवाजापेक्षा किमान 20 डेसिबल खाली, म्हणजे ऐकताना नुसतं असल्यासारखं वाटेल इतकंच, आणि शब्द असलेलं गाणं नको.

अजून एक ठिकाण हमखास सुटतं. स्क्रीनवर "बेसन 2 वाट्या, तांदळाचं पीठ पाव वाटी" असं लिहून तुम्ही तोंडाने "साहित्य स्क्रीनवर दिलंय" म्हणता. व्हिडिओवरच उमटवलेली अक्षरं ही चित्रच असतात, फोनवरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर ती वाचेलच असं नाही. प्रमाण तोंडाने सांगा. ते लांबत असेल तर पूर्ण यादी कॅप्शनमध्ये टाइप करा, ती स्क्रीन रीडर वाचतो, आणि आवाजात एवढंच म्हणा की "प्रमाण खाली लिहिलंय". थोडी नजर असलेल्यांसाठी स्क्रीनवरची अक्षरं मोठी ठेवा आणि हिरव्या पानांवर हिरवी अक्षरं नकोत.

स्वतःचं वर्णन, किचन, साडी वगैरे रेसिपीच्या रीलमध्ये मी घेत नाही. शेवटी ताट दाखवत असाल तर एक वाक्य पुरे: "आत हिरव्या पानांची आणि पिवळसर पिठाची चक्री दिसते, वर तीळ आणि खोबरं." चक्री दिसणं म्हणजे गुंडाळी घट्ट झाल्याची खूण, म्हणून ते सांगण्यासारखं आहे.

आणि शूट करण्याआधीच स्क्रिप्ट त्या मेसेजवाल्या ताईंना व्हॉइस नोट म्हणून पाठवता आली तर बघा, त्यांना वेळ असेल तरच. "कळलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "दुसरं पान कसं ठेवाल, सांगा ना" असं विचारा. माझा अंदाज आहे की अडखळणार तिथेच, टोक उलट बाजूला म्हणजे नेमकं कुठे, आणि मग ते वाक्य "दुसऱ्या पानाचा देठ पहिल्याच्या टोकावर" असं बदलून टाका.