माफीचा साक्षीदार

प्रश्न: "बातम्यांत कधी माफीचा साक्षीदार, कधी सरकारी साक्षीदार, कधी फितूर साक्षीदार लिहितात. हे एकच का? आणि गुन्ह्यात सामील असलेलाच माणूस सगळं सांगतोय, तर त्याच्या एकट्याच्या शब्दावर बाकीच्यांना शिक्षा का होत नाही?"

तिन्ही वेगळे. सरकार पक्षाने बोलावलेला कोणीही सरकारी साक्षीदार असतो: पंच, डॉक्टर, शेजारी. बोलावणाऱ्याच्याच विरोधात उलटतो तो फितूर. माफीचा साक्षीदार मात्र स्वतः गुन्ह्यातला साथीदार असतो आणि माफीच्या मोबदल्यात साक्षीला उभा राहतो. हिंदीत त्यालाच 'सरकारी गवाह' म्हणतात. आपल्याकडची सरमिसळ बहुधा तिथूनच आली असावी. उर्दूतला 'वादामाफ गवाह' अधिक नेमका आहे, कारण त्यात वचन दिसतं.

ते वचन असं. ज्या गुन्ह्याचा खटला फक्त सत्र न्यायालयात चालतो, किंवा ज्याला सात वर्षं वा अधिक शिक्षा आहे, अशा गुन्ह्यात दंडाधिकारी साथीदाराला माफी 'देऊ करतात'. अट एकच: स्वतःच्या सहभागासकट, जे माहीत आहे ते सगळं आणि खरं सांगायचं. माफी का दिली याची कारणं नोंदवावी लागतात. आधीच जामिनावर नसेल, तर खटला संपेपर्यंत या साक्षीदाराला कोठडीतच राहावं लागतं. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०६ मध्ये होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ३४३ मध्ये आहे. याला 'क्षमादान' म्हणू नये, असं माझं मत आहे. त्या शब्दाने राष्ट्रपतींकडचा दयेचा अर्ज आठवतो, आणि तो शिक्षेनंतरचा असतो.

आता दुसरा प्रश्न. या माणसाला गुन्ह्याचे बारकावे खरोखरच माहीत असतात. म्हणूनच तो धोकादायक. घटनाक्रम तंतोतंत खरा सांगून त्यात एक नाव खोटं घुसवणं त्याला सहज जमतं: मित्राला वगळायचं, वैऱ्याला गोवायचं, किंवा पोलिसांना हवा असलेला माणूस जोडायचा. त्यामुळे चाकू सांगितल्या जागी सापडला, एवढ्याने भागत नाही. त्यातून साक्षीदार तिथे होता हे कळतं, आरोपी होता हे कळत नाही. पुष्टी देणारा पुरावा स्वतंत्र हवा आणि त्याने प्रत्येक आरोपीला वेगवेगळं गुन्ह्याशी जोडायला हवं. एका साथीदाराच्या साक्षीला दुसऱ्या साथीदाराची पुष्टी साधारणपणे चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये सरवण सिंग खटल्यात क्रमही सांगितला: आधी साक्षीदार मुळात विश्वासार्ह आहे का ते पाहा, मगच पुष्टीकडे वळा.

गांधीहत्येच्या खटल्यात हे स्पष्ट दिसतं. पुण्यात शस्त्रांचं दुकान चालवणारा दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाला. दिल्लीतल्या हालचालींबद्दल त्याने सांगितलेल्या गोष्टींना बाहेरून आधार मिळाला. मरीना हॉटेलात गोडसे आणि आपटे देशपांडे या खोट्या आडनावाने उतरल्याची नोंद होती, आणि २० जानेवारी १९४८ ला बिर्ला हाउसकडे नेणाऱ्या टॅक्सीचालकाने माणसं ओळखली. सावरकरांबद्दल मात्र बडगेचं म्हणणं होतं, की आपण दादरच्या घरी खाली थांबलो होतो, गोडसे-आपटे वर गेले आणि सावरकरांनी त्यांना "यशस्वी होऊन या" म्हटलं. त्या शब्दांना पुष्टी नव्हती. ते दोघे त्या घराकडे गेले, एवढंच इतर साक्षींतून दिसत होतं, आणि त्या घरात दुसरी माणसंही राहत होती. एकंदरीत बडगेवर विश्वास ठेवूनही न्यायाधीश आत्माचरण यांनी एवढ्या आधारावर निष्कर्ष काढणं असुरक्षित मानलं आणि फेब्रुवारी १९४९ मध्ये सावरकरांना निर्दोष सोडलं. साक्षीदार तोच, साक्ष तीच, पण प्रत्येक आरोपीचा हिशेब वेगळा.

कायद्याची भाषा आधी चमत्कारिक होती. पुरावा कायद्याच्या कलम १३३ नुसार पुष्टीविना झालेली शिक्षाही बेकायदा नव्हती, तर कलम ११४ चं उदाहरण म्हणायचं, की महत्त्वाच्या तपशिलांत पुष्टी नसेल तर साथीदार अविश्वसनीय मानता येईल. दोन्ही मिळून अर्थ: बेकायदा नाही, पण धोक्याचं. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३८ मध्ये आता 'पुष्टी नसलेली' ऐवजी 'पुष्टी असलेली साक्ष' असा शब्द आला आहे.

माफीचा साक्षीदारही फितूर होऊ शकतो, तेव्हा दोन्ही शब्द एकाच माणसाला लागू होतात. त्याने अट मोडली असं प्रमाणपत्र सरकारी वकिलाने दिलं, की ज्या गुन्ह्याची माफी होती त्याच गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालू शकतो, पण बाकीच्या आरोपींसोबत नाही, स्वतंत्र. माफीपोटी दिलेला जबाब तिथे त्याच्याच विरुद्ध वापरता येतो. खोट्या साक्षीचा खटला भरायचा असेल, तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते. आणि आपण अट पाळली होती असा बचाव त्याने घेतला, तर निकालाआधी न्यायालयाला त्यावर निर्णय द्यावा लागतो. ती पाळली असं ठरलं, तर तो सुटतो.