मलेरियाची गोळी कधी थांबवायची?

मलेरिया असलेल्या भागात दहा दिवसांच्या प्रवासाला निघताय, तर तो टाळण्यासाठी घ्यायची गोळी कधी बंद करायची ते आधी बघा. लोक घरी पोचले की गोळ्या सोडतात, आणि घोळ तिथेच होतो. डास चावल्यावर परजीवी आधी यकृतात वाढतो, मग रक्तात उतरतो. डॉक्सिसायक्लिन मुख्यतः रक्तातल्या परजीवीला मारते, म्हणून परतल्यावरही ४ आठवडे रोज घ्यावी लागते. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल यकृतातही काम करते, त्यामुळे नंतर ७ दिवस पुरतात. दोन्ही निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू होतात. एक दिवस आधीपासून धरलं तर पहिलीच्या ३९ गोळ्या, दुसरीच्या १८. दुसरी बहुधा महाग पडते, पण छोट्या प्रवासाला मी तीच सुचवेन. ती जेवणासोबत किंवा दुधाबरोबर घ्या, पोट कमी बिघडतं. मूत्रपिंडाचा गंभीर आजार असेल तर ती चालत नाही.

डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि निदान अर्धा तास आडवे होऊ नका, नाहीतर अन्ननलिका जळते. उन्हात त्वचाही लवकर भाजते. गरोदरपणी आणि लहान मुलांना ती सहसा देत नाहीत.

मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदाच असते, म्हणून मोह होतो. पण भयानक स्वप्नं, घबराट, चक्कर असे त्रास होऊ शकतात. नैराश्य किंवा फिट्सचा इतिहास असेल तर नकोच. ती दोन-तीन आठवडे आधी सुरू करतात, म्हणजे त्रास घरीच कळतो.

निवड डॉक्टरांकडूनच पक्की करा, कारण कुठे कोणतं औषध चालतं हे ठिकाणावर ठरतं. गोळ्या नियमित घेऊनही परतल्यावर ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि कुठे गेला होतात ते सांगा.