मोबाईलच्या चार्जरमधला इवलासा ट्रान्सफॉर्मर 230 व्होल्टचे 5 व्होल्ट कसे करतो?

प्रश्न: जुन्या टेपरेकॉर्डरच्या अडॅप्टरमध्ये जडशीळ ट्रान्सफॉर्मर असायचा. मोबाईलच्या चार्जरमध्ये तो बोटाच्या पेराएवढाच आहे. मग 5 व्होल्ट कसे मिळतात, आणि कमी-जास्त का होत नाहीत?

उत्तर: घरातली वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते, म्हणजे एकेक अर्धं आवर्तन 10 मिलिसेकंद चालतं. तेवढा वेळ चुंबकत्व पेलायला लोखंड भरपूर लागतं. चार्जर ही वाट सोडून देतो. तो आधी डायोडच्या ब्रिजने एसीचं डीसी करतो. कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट साठतात, आणि मग मॉस्फेट नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच हे डीसी सेकंदाला साधारण 65,000 वेळा चालू-बंद करतो. इतक्या थोड्या वेळासाठी फेराइटचा छोटा गाभा पुरतो.

हा ट्रान्सफॉर्मर वीज साठवून मग पुढे देतो. मॉस्फेट चालू असताना प्रायमरीत, म्हणजे वीज आत घेणाऱ्या वाइंडिंगमध्ये, करंट चढतो आणि ऊर्जा गाभ्यातल्या बारीक फटीत साठते. सेकंडरीचा, म्हणजे आउटपुटकडच्या वाइंडिंगचा, डायोड तेव्हा बंद असतो. मॉस्फेट बंद झाला की तीच ऊर्जा सेकंडरीतून बाहेर पडते. या रचनेला फ्लायबॅक म्हणतात.

5 व्होल्ट, 2 अँपिअरचा चार्जर घ्या. बाहेर 10 वॅट, थोडी वीज उष्णतेत जाते म्हणून आत 12.5 वॅट धरू. ते 65,000 ने भागले की दर खेपेला सुमारे 192 मायक्रोज्यूल येतात. प्रायमरीचं इंडक्टन्स 1 मिलिहेन्री असेल तर त्यासाठी करंट 0.62 अँपिअरपर्यंत चढावा लागतो. 325 व्होल्टवर त्याला जेमतेम 2 मायक्रोसेकंद लागतात, आणि पूर्ण खेप 15 मायक्रोसेकंदांची असते.

आता 5 व्होल्ट टिकतात कसे? आउटपुटवर दोन सारखे रेझिस्टर व्होल्टेजचा निम्मा भाग TL431 या छोट्या चिपला दाखवतात. त्याच्या आत 2.5 व्होल्टचं पक्कं माप असतं. आउटपुट जरा वर गेलं की तो ऑप्टोकपलरचा दिवा उजळतो, पलीकडचा फोटोट्रान्झिस्टर मॉस्फेट चालवणाऱ्या कंट्रोलरला खबर देतो आणि पुढच्या खेपेत करंट कमी चढतो. खबर प्रकाशातून जाते, म्हणून 325 व्होल्टची बाजू आणि तुमच्या हातातली केबल यांच्यात तारेचा संबंध येत नाही. सगळ्या सर्किटमध्ये मला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो. (काही स्वस्त चार्जर ऑप्टोकपलर न घालता ट्रान्सफॉर्मरच्या तिसऱ्या वाइंडिंगवरूनच अंदाज घेतात.)

ही साखळी तुटली की काय होतं, ते माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका चार्जरमध्ये दिसलं. दिवा लुकलुकत होता, आतून टिक-टिक येत होती, आणि मीटरचा आकडा 7 पर्यंत चढून पुन्हा पडत होता. दोन रेझिस्टरपैकी वरच्याचा सोल्डर तडकला होता. TL431 ला काहीच दिसत नव्हतं, त्यामुळे कंट्रोलर पूर्ण जोर लावायचा. व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं की संरक्षण त्याला थांबवायचं आणि थोड्या वेळाने तो पुन्हा सुरू व्हायचा. सोल्डर नीट केल्यावर आकडा 5.1 वर स्थिर झाला.

उघडून पाहणार असाल तर प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरवर 300 व्होल्टच्या आसपास उरलेले असू शकतात. आधी मीटर लावून बघा आणि ते रेझिस्टरमधून उतरवा. मगच हात घाला.