‘नंतर करतो’ म्हणणारा जोडीदार: विसर कुठला आणि सवय कुठली?

प्रश्न: आमचं दीड वर्षापासून आहे. फोन केला की ‘कामात आहे, नंतर करतो’ म्हणतो आणि बहुतेक वेळा करतच नाही. कधी केला तर मात्र तासभर छान बोलतो. तो खरंच विसरतो की मला गृहीत धरतो? की मीच फार ताणतेय?

उत्तर: मी सोलापुरात कुटुंब समुपदेशनाचं काम करते. तुमची तक्रार माझ्याकडे वारंवार येते, लग्न ठरलेल्यांकडूनही आणि लग्न होऊन दहा वर्षं झालेल्यांकडूनही. तुम्ही ताणत नाही आहात. दीड वर्षात ‘बहुतेक वेळा’ होत असेल, तर विचारायलाच हवं.

मात्र किती फोन चुकले एवढंच मोजत बसलात तर उत्तर हाती लागणार नाही. फोन चुकल्यानंतर विषय कोण काढतं, ते आधी बघा. विसरलेल्या माणसाला कधी ना कधी आठवतं. मग तो रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी आपणहून म्हणतो, ‘अगं, काल राहिलंच, काय सांगत होतीस?’ सवय झालेली असते तिथे हे वाक्य येत नाही. दर वेळी तुम्हीच विचारता, मग कारण मिळतं, आणि ज्यासाठी फोन केला होता ते बोलणं तसंच राहतं.

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. मुलगी शाळेत शिक्षिका, मुलगा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. साखरपुडा झालेला. तिचा फोन गेला की तो म्हणायचा, ‘मागावर आहे, नंतर करतो.’ यंत्रमागाच्या शेडमध्ये तुम्ही कधी उभ्या राहिला असाल तर कळेल, शेजारच्या माणसाशीसुद्धा कानाजवळ तोंड नेऊन बोलावं लागतं. फोन उचलायचा म्हणजे शेडबाहेर यायचं, आणि तेवढ्यात कुठे धागा तुटला की आतून हाक येणार. म्हणजे त्याचं कारण खरं होतं. पण कारण खरं असूनही फोन येत नव्हता, आणि ती घरी सांगायला लागली होती की याला माझी काही पडलेली नाही.

मी तिला तीन आठवडे कॅलेंडरवर तीन गोष्टी लिहायला सांगितल्या: तो नेमकं काय म्हणाला, पुढे काय झालं, आणि नंतर विषय कोणी काढला. अट एकच, तिने मध्ये आठवण करून द्यायची नाही. ही अट तिला फार जड गेली. पण अर्ध्या तासात आपलाच फोन पुन्हा गेला, तर त्याने केला असता की नाही हे कळणार कसं?

कॅलेंडर बघितल्यावर चित्र स्पष्ट झालं. ज्या दिवशी तो नुसतं ‘नंतर’ म्हणाला, त्या दिवशी फोन जवळजवळ कधीच आला नाही. ‘जेवायच्या सुट्टीत करतो’ किंवा ‘गाडी काढली की करतो’ म्हणाला, तेव्हा बहुतेक वेळा आला. जे थोडे फोन तेव्हाही चुकले, त्यांचा विषय दुसऱ्या दिवशी त्यानेच काढलेला होता. इथे ओढ होती, फक्त आठवणीला खुंटी नव्हती. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने 1999 च्या लेखात हेच मांडलं आहे: ‘अमुक झालं की तमुक करीन’ असं ठरवलेलं काम नुसत्या इराद्यापेक्षा जास्त पार पडतं. ‘नंतर’ला कुठलीच घटना जोडलेली नसते. डबा उघडणं ही घटना रोज घडते. त्या दोघांनी डब्याची वेळ ठरवली आणि भांडण बरंचसं मिटलं.

दुसरीची गोष्ट वेगळी निघाली. तिचा मित्र पुण्यात नोकरीला, सुट्टीला हुतात्मा एक्सप्रेसने सोलापूरला येणारा. तिने तशाच नोंदी ठेवल्या, फक्त फोन कशाबद्दल चालू होता तेही लिहिलं. ऑफिसातल्या गमती, मित्रांचे किस्से, गड्ड्याच्या यात्रेला येण्याचे बेत, यावर बोलणं सुरळीत. ‘घरी कधी सांगणार आहेस?’ हा प्रश्न आला की मिनिटभरात ‘मीटिंग आहे, करतो.’ रविवारीसुद्धा. त्यानंतरचा फोन दोन-तीन दिवसांनी, आणि तोही दुसऱ्याच विषयावर. त्याचं ‘करतो’ हे बोलणं थांबवण्यासाठी होतं. याला घड्याळाचा, डब्याचा उपाय लागू पडत नाही, कारण त्याला सगळं आठवत होतं. म्हणून तुम्हीही विषय नोंदवा. विसर विषय बघून पडत नाही.

बऱ्याच जणी मला सांगतात, ‘साहेबांचा फोन असला की लगेच करतो, मग माझाच कसा विसरतो?’ यावरून घाईने निष्कर्ष काढू नका. साहेबांचा फोन चुकला तर लगेच बोलणी बसतात, तुमचा चुकला तर तुम्ही संध्याकाळपर्यंत थांबता. त्यापेक्षा मित्रांचे, बहिणीचे, घरमालकाचे फोन तो परत करतो का ते बघा. सगळ्यांचेच राहत असतील तर तो त्याचा स्वभाव आहे. त्याचा त्रास तुम्हाला होतोच, पण तो तुमच्याविरुद्धचा पुरावा होत नाही.

कधीतरी येणाऱ्या तासाभराच्या गोड फोनबद्दलही बोलते, कारण तुम्ही त्याचा मुद्दाम उल्लेख केला आहे. तो फोन आला की मागचे सगळे न आलेले फोन पुसले जातात आणि ताटकळणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. अनियमितपणे मिळणारं बक्षीस माणसाला सर्वांत चिवटपणे धरून ठेवतं, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. म्हणून तो तास नोंदीत जरूर लिहा, पण एक फोन म्हणूनच.

आणि शंभर टक्के कोणाकडूनच अपेक्षू नका. अमेरिकेत जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांचं निरीक्षण केलं. सहा वर्षांनंतरही एकत्र असलेल्या जोडप्यांनी एकमेकांच्या लहानसहान हाकांना सुमारे 86 टक्के वेळा प्रतिसाद दिला होता, वेगळे झालेल्यांनी सुमारे 33 टक्के. हे आकडे फोनचे नाहीत, तिथल्या जोडप्यांचे आहेत, तेव्हा आपल्या नात्याला पट्टी लावून मोजू नका. पण टिकलेल्या जोडप्यांतही काही हाका वाया गेल्याच होत्या.

तीन आठवडे झाले की समोरासमोर बसा. फोनवर किंवा मेसेजवर हे बोलू नका. ‘तू कधीच करत नाहीस’ने सुरुवात केलीत, तर तो केलेले दोन फोन काढून दाखवेल आणि वाद तिथेच अडकेल. असं म्हणा: ‘तू करतो म्हणालास की मी वाट बघते, दुसरं काही सुचत नाही. जमणार नसेल तर आज नाही जमणार असं सांग, मला चालेल. जमणार असेल तर कशानंतर करणार ते सांग.’

यानंतरचे पंधरा दिवस बारकाईने बघा. विसरणारा माणूस यातलं एक तरी धरतो, ‘आज नाही’ असं स्पष्ट म्हणायला लागतो किंवा वेळ सांगायला लागतो, आणि चुकलं तर स्वतः बोलतो. पहिले चार दिवस अगदी वेळेवर फोन आणि मग पुन्हा ‘करतो, करतो’ असं झालं, तर एकदा आठवण द्या. त्यानंतरही तेच राहिलं, किंवा तुमच्या मागणीवरच तो चिडायला लागला, तर ही सवय आहे असं समजा. मग फोनचा विषय बाजूला ठेवून त्याला सरळ विचारा, हे नातं तुला पुढे न्यायचं आहे का. त्या प्रश्नालाही ‘नंतर बोलू’ असं उत्तर आलं, तर पुढचं तुम्ही ठरवा, त्याच्या फोनची वाट न बघता.